शिक्का वर, मोर्तब खाली

«आतेभावाकडे आजोबांच्या ट्रंकेत फाटकं मोडी पत्र निघालं. त्याला मेल करतोय: ‘फोटो अंधुक आलाय, शिक्कामोर्तब दिसत नाही, पुन्हा काढून पाठव, म्हणजे भाषांतर करून घेता येईल.’ इथे भाषांतर बरोबर की लिप्यंतर?»

लिप्यंतर. मोडी ही लिपी आहे, भाषा नव्हे. पत्र मराठीतच आहे. ‘मोडीचं भाषांतर’ हे शिकलेसवरलेले लोकही बिनदिक्कत म्हणतात आणि दर वेळी कानाला खटकतं. तेवढं मेलमधून काढून टाका.

तुमच्या मेलमधला मोलाचा शब्द वेगळाच आहे: शिक्कामोर्तब. आज आपण तो ‘मंजुरी’ या एकाच अर्थाने वापरतो. ‘कागदपत्र’सारखा हा नुसता जोडशब्द आहे, दोन्हींचा अर्थ एकच, असं सांगणारे भेटतात. त्यांनी जुना हुकूम हातात धरलेला नसावा. शिक्का आणि मोर्तब ही दोन वेगळी उमटवणं, दोन वेगळ्या जागी. शिक्का पत्राच्या माथ्यावर, मोर्तब मजकूर संपतो तिथे. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर वर ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ची मुद्रा असते आणि शेवटी ‘मर्यादेयं विराजते’. मर्यादा म्हणजे हद्द: मजकूर इथे संपला, यापुढे कोणी ओळ घुसडली तर ती आमची नव्हे. शब्द अरबी ‘मुरत्तब’वरून आला, म्हणजे रचून पुरं केलेलं. पेशवाईच्या कागदांत ‘मोर्तब सुद’ लिहिलेलं आढळतं. त्यातला ‘सुद’ हा फारसी ‘शुद’, म्हणजे ‘झालं’. शब्दाच्या पोटातच ‘संपलं’ बसलेलं आहे. त्याला मंजुरीपुरतं उरवणं म्हणजे त्याचं अर्धं अंग कापणं.

फाटक्या पत्रात याला फार किंमत आहे. तळाशी मोर्तब दिसलं तर शेवट तुमच्या हातात आहे, जे गेलं ते मधलं. दिसलं नाही, तर खालचा तुकडा फाटून गेला की फोटोच्या चौकटीबाहेर राहिला, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. म्हणून ‘नीट फोटो पाठव’ एवढ्यावर थांबू नका. चारही कडा आणि कडेबाहेर बोटभर जागा दिसू दे, असं लिहा. पाठ कोरी वाटली तरी तिचाही फोटो मागा. पत्र पोचल्याची नोंद, ‘पैवस्ती’, बहुधा तिथे असते.

अंधुक फोटोने काय बिघडतं ते वर्षावरून पाहा. हुकुमाच्या मायन्यात ‘सु॥’ म्हणजे सुहूर सन, तेव्हाच्या दफ्तरांत चालणारी वर्षगणना, येतो, तोही अरबी आकड्यांच्या शब्दांत. समजा फाटलेली कड नेमकी तिथून गेली आणि उरलं ‘इसन्ने …सैन मया व अलफ’. इसन्ने दोन, मया शंभर, अलफ हजार. मधला शब्द ‘खमसैन’ असेल तर पन्नास, म्हणजे 1152, इसवीचं 1751-52: नानासाहेब पेशव्यांचा काळ. ‘तिसैन’ असेल तर नव्वद, म्हणजे 1192, इसवीचं 1791-92: सवाई माधवराव गादीवर, कारभार नाना फडणविसांचा. एका तुकड्यासाठी चाळीस वर्षांचा फरक! निवाडा कशावर होईल? कडेपाशी ‘ति’च्या वेलांटीचा शेंडा रेघेच्या वर डोकावतोय का, एवढ्यावर. हललेल्या फोटोत तो शेंडा आणि कागदाची सुरकुती सारखीच दिसतात.

म्हणून आतेभावाला असं लिहा: ‘पत्र खिडकीपाशी सपाट ठेव, ऊन थेट पडू देऊ नकोस, फ्लॅश बंद ठेव. इस्त्री करू नकोस, सेलोटेप तर मुळीच लावू नकोस. खाली निळा किंवा हिरवा कोरा कागद घाल, म्हणजे भोक ते भोक दिसेल, शाईचा डाग वाटणार नाही. मोबाइल कागदाला समांतर धर. आधी अख्ख्या पत्राचा एक फोटो, मग जवळून तुकड्यातुकड्याने. प्रत्येक फोटोत आधीच्या दोन-तीन ओळी पुन्हा येऊ देत. फाटलेल्या कडेचा वेगळा काढ, आणि एकदा उजेड फक्त डावीकडून घेऊन काढ.’ तिरप्या उजेडात सुरकुतीची सावली पडते, सपाट शाईची पडत नाही. वेलांटीचा वाद तिथेच मिटतो.

फोटो मूळ फाइल म्हणूनच मेलला जोडायला सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो. स्कॅनवाली अ‍ॅप तर पान काळंपांढरं करताना फिकट शाईच खाऊन टाकतात.