बाळ आडवं आहे, मग कळा येईपर्यंत घरी थांबू का?

"तिसरी खेप, ३८ वा आठवडा चालू. आधीची दोन्ही बाळंतपणं नॉर्मल. दहा दिवसांपूर्वी डोकं खाली होतं, काल तपासलं तर बाळ आडवं. डॉक्टर म्हणतात आत्ताच अ‍ॅडमिट व्हा. घरी दोन पोरं आहेत, राहायला भांडुपला. कळा सुरू झाल्यावर रिक्षाने गेले तर चालणार नाही का?"

नाही चालणार. मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये मी बरीच वर्षं काढली आहेत. या बाबतीत मला भीती कळांपेक्षा पाण्याची वाटते.

डोकं खाली असतं तेव्हा ते बाटलीच्या बुचासारखं बसतं. पाणमोट फुटली तरी पाणी बेताने येतं आणि नाळ वरच अडते. बाळ आडवं असलं की खालची जागा रिकामी राहते. पाणमोट फुटताच पाण्याच्या लोंढ्याबरोबर नाळ बाहेर घसरू शकते. ती दाबली गेली की बाळाचा रक्तपुरवठा तुटतो, आणि मग हातात मिनिटं उरतात. एलबीएस रोडवर संध्याकाळी सातला तेवढ्या मिनिटांत एक सिग्नलही पार होत नाही. शिवाय पाणी जाताना कळा आलेल्याच असतील असं नाही.

कळा आधी आल्या तरी सुटका नाही. पूर्ण दिवसांचं बाळ आडवं बाहेर येत नाही. खांदा अडकतो, कधी हात बाहेर येतो. पिशवी मात्र जोर लावतच राहते, तिचा खालचा भाग ताणून पातळ होतो आणि फाटूही शकतो. तिसऱ्या खेपेला कळा भराभर वाढतात, तेव्हा हे सगळं फार लवकर होतं.

बाळ असं फिरतं का? तुमच्या बाबतीत बहुधा पोटाचे आणि पिशवीचे स्नायू दोन बाळंतपणांनी सैल झालेत, म्हणून त्याला फिरायला जागा मिळते. पण हे गृहीत धरू नका. वार खाली आहे का, पाणी जास्त आहे का, खालच्या भागात फायब्रॉइड आहे का, पिशवीचा आकार वेगळा आहे का, हे सोनोग्राफीत पाहायलाच हवं. यातला वारेचा प्रश्न आधी विचारा. वार तोंडावर असेल तर बाळ फिरवण्याचा विचारच नको, सिझरच करावं लागतं.

माझ्याकडची एक बाई तुमच्यासारखीच, तिसरी खेप. ३८ व्या आठवड्यात कुरकुरत अ‍ॅडमिट झाली. वार वर होती, पाणी ठीक. आम्ही रोज सकाळी पोट तपासायचो: पहिल्या दिवशी आडवं, तिसऱ्या दिवशी तिरकं, पाचव्या दिवशी डोकं खाली, सहाव्या दिवशी पुन्हा तिरकं! आठव्या रात्री कळा सुरू झाल्या. पाणमोट शाबूत होती. दोन कळांच्या मधे पोटावरून हातानेच डोकं खाली आणलं, धरून ठेवलं, ते नीट टेकल्यावर पाणमोट आम्ही हळूच फोडली आणि लगेच नाळ खाली आली नाही ना हे पाहिलं. सकाळी नॉर्मल बाळंतपण झालं. ऑपरेशन थिएटर मात्र रात्रभर तयार ठेवलं होतं. डोकं आलं नसतं तर सिझर, आणि आडव्या बाळाचं सिझर सोपं नसतं. बाळ काढायला कधी पिशवीवर उभा छेद घ्यावा लागतो.

म्हणजे वॉर्डात पडून राहणं फुकट जात नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेची बरीचशी बाळं कळांच्या आधी आपणहून सरळ होतात. पोटावरून बाळ फिरवण्याचा प्रयोगही होतो, पण तो सोनोग्राफी आणि बाळाचे ठोके पाहत, सिझरची सोय असलेल्या जागी. मालीशवाल्या मावशींना मात्र पोटाला हात लावू देऊ नका. दाबादाबीत वार सुटलेली मी पाहिली आहे.

तरी अ‍ॅडमिट होण्याआधी घरीच पाणी गेलं तर? पाणी थोडं असो वा भरपूर, रक्त दिसो वा कळ येवो, वाट बघू नका. १०८ ला फोन लावा. नाळ बाहेर आल्यासारखी वाटली तर ती आत ढकलू नका, ओढू नका, चाचपून बघू नका. गुडघ्यांवर येऊन छाती जमिनीला टेकवा, कंबर वर राहू द्या. गाडीत ही स्थिती जमत नाही, तिथे डाव्या कुशीवर झोपून कमरेखाली दोन उशा घ्या. काही खाऊपिऊ नका, भूल द्यावी लागेल. आणि घरच्यांपैकी कुणीतरी त्याच वेळी रुग्णालयात फोन करून एवढंच सांगू दे: "बाळ आडवं आहे, पाणी गेलंय, निघालोय." म्हणजे तुम्ही पोहोचेपर्यंत थिएटर तयार असेल.