‘हे प्रभू, आशीर्वाद देवो’ यात चूक काय?

प्रश्न : आमच्या मंडळीतलं एक कुटुंब, आईवडील आणि दोन मुलं, कायमचं ऑस्ट्रेलियाला चाललं आहे. रविवारी उपासनेच्या शेवटी त्यांच्यासाठी आशीर्वादाची चार वाक्यं मला वाचायची आहेत. मी लिहिलं, ‘हे प्रभू, या कुटुंबाला आशीर्वाद देवो, त्यांचे सर्व मार्ग सुकर होवो.’ पाळकसाहेबांनी ‘देवो’ आणि ‘होवो’ या दोन्हींखाली रेघ मारली. चूक कुठे आहे? आणि शास्त्रातल्यासारखं ‘तुला’ म्हणायचं की ‘तुम्हांला’?

उत्तर : दोन्ही रेघा बरोबर आहेत, पण त्यांची कारणं वेगळी आहेत.

‘देवो’ हे तृतीय पुरुषाचं रूप आहे. दामल्यांच्या व्याकरणात याला ऊ-आख्यात म्हटलं आहे. एरवी आपण त्याला आज्ञार्थ म्हणतो, पण ‘करो, देवो, राखो’ या रूपांत आज्ञा नसते, इच्छा असते. ज्याच्याविषयी इच्छा करायची तो वाक्यात ‘तो’ असावा लागतो. तुम्ही ‘हे प्रभू’ म्हणून देवाला हाक मारलीत, म्हणजे तो समोर आला, ‘तू’ झाला. त्यापुढे ‘देवो’ आलं की ऐकणाऱ्याच्या मनात प्रश्न उभा राहतो : कोण देवो? तिथे ‘दे’ हवं. मराठी ख्रिस्ती प्रार्थनेत देवाला ‘तू’च म्हणतात, तेव्हा ‘द्या’चाही प्रश्न नाही.

याचा अर्थ ‘हे प्रभू’नंतर ‘-वो’ कधीच चालत नाही असा मात्र नाही. प्रभूची प्रार्थना आठवा. ‘तुझे राज्य येवो’ आणि ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ ही दोन्ही वाक्यं एकाच प्रार्थनेत, एकाच पित्याला उद्देशून आहेत. पहिल्यात कर्ता राज्य आहे, म्हणून ‘येवो’. दुसऱ्यात कर्ता देव स्वतः आहे, म्हणून ‘दे’. क्रियापद लिहिण्याआधी ‘हे कोणी करायचं?’ एवढं विचारलं की रूप आपोआप ठरतं. या हिशेबाने तुमचं दुसरं वाक्य पुरुषाच्या दृष्टीने ठीक आहे, कारण कर्ता ‘मार्ग’ आहे. तिथे चुकलं ते वचन. मार्ग अनेक, म्हणून ‘होवोत’. ‘सर्व इच्छा पूर्ण होवो’ हे वाढदिवसाच्या फलकांवर इतकं दिसतं की कानाला खटकेनासं झालं आहे. लिहिताना तरी ‘होवोत’ ठेवावं.

खरा गोंधळ व्याकरणाच्या थोडा अलीकडे आहे. प्रार्थना आणि आशीर्वचन यांत बोलणाऱ्याचं तोंड वेगवेगळ्या दिशेला असतं. प्रार्थनेत तो देवाशी बोलतो आणि कुटुंब ‘ते’ असतं : ‘हे प्रभू, यांना सांभाळ.’ आशीर्वचनात तो कुटुंबाकडे वळतो आणि देव ‘तो’ होतो : ‘प्रभू तुम्हांला सांभाळो.’ तुमच्या वाक्याची सुरुवात प्रार्थनेची आहे आणि शेवट आशीर्वचनाचा. दोन्ही म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण आधी प्रार्थना ‘आमेन’पर्यंत पूर्ण करा आणि मग कुटुंबाकडे वळा.

‘देवाने तुम्हांला सुखरूप पोहोचवावे’ हाही एक पर्याय सुचेल. चूक नाही. पसायदानात ज्ञानदेव ‘मज द्यावें’ म्हणतात आणि लगेच पुढे ‘व्यंकटी सांडो’, ‘तिमिर जावो’ म्हणतात. स्वतःसाठी मागताना ‘-वें’ आणि जगासाठी शुभ चिंतताना ‘-ओ’, असा तो फरक मला ऐकू येतो. आजच्या मराठीत मात्र ‘-वे’ला कर्तव्याची छटाही आहे (‘वेळेवर यावे’), म्हणून निरोपाच्या वेळी ‘पोहोचवो’ अधिक मोकळं वाटतं.

आता ‘तुला’ की ‘तुम्हांला’. गणनाच्या 6व्या अध्यायात, 24 ते 26 या ओव्यांत अहरोनाने म्हणायचा आशीर्वाद आहे : ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो...’ मूळ हिब्रूतही तिथे एकवचनच आहे. गंमत अशी की त्याआधीच्या 23व्या ओवीत ‘इस्राएल लोकांना असा आशीर्वाद द्या’ असं अनेकवचन आहे. म्हणजे ‘तू’ म्हटलं ते साऱ्या लोकांना मिळून. तेव्हा शास्त्रपाठ म्हणून वाचत असाल तर ‘तुला’च ठेवा, शब्द बदलू नका. कुटुंबाकडे बघून स्वतःच्या तोंडून आशीर्वाद देत असाल तर ‘तुम्हांला’ करा, फक्त अर्धवट नको. ‘तुला, तुझे, तुझ्यावर, तुझ्याकडे’ ही सगळी रूपं बदलावी लागतात. पहिल्या ओळीत ‘तुम्हांला’ आणि दुसरीत ‘तुझ्यावर’ झालं की मुलं एकमेकांकडे बघतात, हे कोणाबद्दल चाललंय म्हणून. क्रियापदं मात्र जशीच्या तशी राहतात, कारण कर्ता परमेश्वरच आहे.

तुम्ही दीक्षित पाळक नाही, असं प्रश्नावरून वाटतं. अनेक मंडळ्यांत आशीर्वचन पाळकानेच द्यायचं असतं. दुसरा कोणी उपासना चालवत असेल तर तो ‘तुम्हांला’च्या जागी स्वतःलाही धरून बोलतो. मराठीत इथे ‘आपल्याला’ हवं : ‘परमेश्वर आपल्याला आशीर्वाद देवो.’ ‘आम्हांला’ म्हटलं तर समोरचे त्यातून वगळले जातात. देवाशी बोलताना उलट ‘आम्हांला’च, कारण देवाला कोणी आपल्या गटात धरत नाही. तुमच्या मंडळीची रीत काय आहे ते पाळकसाहेबांना विचारून घ्या.

एक वचन मात्र टाळा. उत्पत्ती 31:49, मिस्पाचं. आपण एकमेकांना दिसेनासे झालो तरी परमेश्वर तुझ्यामाझ्यावर नजर ठेवो, असा त्याचा आशय. निरोपाच्या कार्डांवर ते हौसेने छापतात. संदर्भ पाहिला तर लाबान हे याकोबाला म्हणतो आहे, आणि याकोब त्याच्या मुलींना घेऊन न सांगता निघून आलेला आहे. पुढच्याच ओवीत लाबान बजावतो, माझ्या मुलींना छळलंस किंवा आणखी बायका केल्यास तर देव साक्षी आहे. नंतर दगडांची रास ही हद्द ठरते आणि वाईट हेतूने कोणी ती ओलांडायची नाही असा करार होतो. हा आशीर्वाद नव्हे, अविश्वासाचा तह आहे. आपल्या भाषेतही ‘नजर ठेवणे’ म्हणजे पाळतच.

त्याऐवजी स्तोत्र 121 घ्या. शेवटच्या ओवीत परमेश्वर तुझं जाणं-येणं राखील असं आहे. क्रम बघा : आधी जाणं, मग येणं. हिब्रूतही तसाच आहे, आणि निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणणाऱ्या घरांत तो चटकन पटेल. हे स्तोत्र ‘राखो’ म्हणत नाही, ‘राखील’ म्हणतं. ती इच्छा नाही, हमी आहे. म्हणून ते आपल्या वाक्यांत मिसळू नका, वेगळं वाचा.

तुमचा मसुदा मी असा करीन :

‘हे प्रभू, या कुटुंबाला आशीर्वाद दे. नव्या देशात यांना काम, शेजार आणि तुझी मंडळी लाभो. आमेन.’

मग त्यांच्याकडे वळून :

‘प्रभू तुमचे संरक्षण करो. तुमचे सर्व मार्ग सुकर होवोत.’

‘लाभो’ का, ‘लाभोत’ का नाही, असं कोणी विचारेल. मराठीत नामांची अशी माळ असली की क्रियापद बहुधा शेवटच्या नामाप्रमाणे चालतं, आणि ‘मंडळी’ इथे एकवचनी आहे. ‘लाभोत’ केलंत तरी मी रेघ मारणार नाही.