रक्ती हगवणीत टॉनिक का देऊ नये

«माझ्याकडे महिनाभराची गावरान पिल्ले आहेत. दोन दिवसांपासून विष्ठेत रक्त दिसते आहे. शेजारीच शेळीची करडे बांधलेली असतात. त्यांनाही हा रोग होईल का, आणि औषध कोणते द्यावे?»

पिल्लांचा रोग करडांना होत नाही. दोघांनाही रक्ती हगवण, म्हणजेच कॉक्सीडिओसिस होतो, पण कोंबडीचे जंतू वेगळे आणि शेळीचे वेगळे. करडांविषयी शेवटी लिहिते, कारण तुमच्याकडे आत्ता मरत आहेत ती पिल्ले.

औषधाच्या प्रश्नावरून आमच्या घरात एका पावसाळ्यात जे झाले ते आधी सांगते. आम्ही संगमेश्वराकडचे; आषाढात आमच्या खुराड्यात काहीही कोरडे राहत नाही. पिल्ले पंख पाडून, डोळे मिटून एकमेकांना चिकटून बसू लागली आणि तुसावर ताज्या रक्ताचे डाग दिसू लागले. मेलेले एक पिल्लू मी फाडून पाहिले. लहान आतडे मोठ्या आतड्याला जेथे मिळते तेथे दोन बंद टोकांच्या पिशव्या असतात. त्या फुगून काळपट लाल झाल्या होत्या आणि चिरताच आतून रक्ताच्या गुठळ्या निघाल्या. याहून स्पष्ट खूण नाही. नुसत्या विष्ठेवरून मात्र माणूस फसतो, कारण निरोगी पिल्लूही अधूनमधून चॉकलेटी रंगाची चिकट विष्ठा टाकते, आणि तिलाच रक्त समजून अनेक जण घाबरतात.

मी पाण्यात अँप्रोलियम सुरू केले. माझ्या थोरल्या दिरांनी त्याच पाण्यात बी-कॉम्प्लेक्सचे टॉनिक ओतले. “एवढं रक्त गेलंय, ताकद नको का द्यायला?” असे त्यांचे म्हणणे, आणि औषध दुकानदारानेही दोन्ही एकदमच हातात ठेवलेले. मरतूक थांबेना, तेव्हा दोष अँप्रोलियमला मिळाला. वास्तविक अँप्रोलियमची रचनाच बी-१ जीवनसत्त्वासारखी असते. जंतू ते बी-१ समजून घेतो आणि उपाशी पडतो. त्याच भांड्यात खरे बी-१ ओतणे म्हणजे जंतूला हाताने जेवू घालणे होय. मी टॉनिक बंद केले, औषध पुन्हा पूर्ण मात्रेने चालवले आणि नवीन पिल्ले आजारी पडायची थांबली. दीर आजही त्याचे श्रेय टॉनिकलाच देतात. टॉनिक द्यायचेच असेल तर औषध संपल्यावर द्यावे. रक्त गोठण्यासाठी के जीवनसत्त्व मात्र सोबत चालते.

२० टक्के अँप्रोलियमची पावडर असेल तर दर लिटर पाण्यात १.२ ग्रॅम, पाच दिवस, आणि त्या काळात दुसरे पाणी ठेवायचे नाही. पुढे आठवडाभर मात्रा चौथ्या हिश्शावर आणावी. औषध खाद्यातून देऊ नये, कारण आजारी पिल्लू खाणे सोडते पण पाणी पीत राहते. औषध साऱ्या कळपाला द्यावे. रक्त दिसते तेव्हा जंतूंनी आतड्यात शिरून चार-पाच दिवस झालेले असतात. त्या पिल्लाचे नुकसान होऊन गेलेले असते, वाचतात ती प्रामुख्याने बरोबरची. साध्या अँटिबायोटिकने हे जंतू मरत नाहीत, आणि फिनाईल शिंपडूनही मरत नाहीत.

दुसरा जुना वाद चुन्याचा. ओल्या तुसावर चुना भुरभुरून वरचा थर पांढरा दिसतो, खाली मात्र चिखलच राहतो. विष्ठेतून पडलेली जंतूंची अंडी लगेच बाधत नाहीत. ऊब आणि ओल मिळाली तर एक-दोन दिवसांत ती बाधण्याजोगी होतात. म्हणून भांड्याभोवतीचा गठ्ठा झालेला तूस रोज काढून बाहेर न्यावा, उरलेला खालीवर करावा, तेथे कोरडा नवा तूस टाकावा आणि पाण्याचे भांडे पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर टांगावे. मूठभर तूस दाबून पाहावा: मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला तर ओल जास्त आहे, हळूहळू सुटला तर ठीक, मुळीच वळला नाही तर फार कोरडा.

करडांचे चित्र वेगळे असते. तीन-चार आठवड्यांपासून पुढे, विशेषतः दूध तुटताना, लेंड्या जाऊन काळपट पातळ हगवण लागते, शेपटीखालचे केस माखतात आणि करडू कुंथते. रक्त दिसेलच असे नाही. त्यामुळे रक्त नाही म्हणून निश्चिंत राहू नये, तसेच प्रत्येक हगवण हीच समजू नये, कारण जंत आणि आंत्रविषारातही हगवण लागते. शेण तपासून घेतल्याशिवाय अंदाजाने औषध पाजू नये. करडांनाही अँप्रोलियम देतात, पण वजनावर आणि डॉक्टरांनी सांगितलेले दिवसच. फार दिवस चालले तर बी-१ ची कमतरता करडालाच होते, ते डोके मागे टाकते, अडखळते, आणि तेव्हा मात्र बी-१ चे इंजेक्शन हाच उपाय असतो. पिल्लांसाठी कालवलेले औषधी पाणी त्यांच्यापुढे ठेवू नये.