लेव्हल वर गेली म्हणून पाणी तोडू नकोस

वेर्ण्याच्या बॉयलरवर नव्याने लागलायस, तर ड्रम लेव्हलचा ट्रेंड वाचायला आधी शिक. समज, 20 टनांचा बॉयलर ताशी 12 टनांवर चाललाय आणि ड्रायरवाल्यांनी एकदम व्हॉल्व्ह उघडला. स्टीम 16 टनांवर गेली, दाब उतरला. दाब उतरला की ड्रममधल्या पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि लेव्हल वर जाते, पाणी मात्र कमी होत असतं! नुसत्या लेव्हलवर चालणारा कंट्रोलर इथे फसतो, फीड व्हॉल्व्ह बंद करत नेतो. बुडबुडे बसले की लेव्हल कोसळते आणि बॉयलर ट्रिप होतो.

थ्री-एलिमेंट कंट्रोल लेव्हलसोबत स्टीम फ्लो आणि फीडवॉटर फ्लोही बघतो. त्यात स्टीम फ्लो 4 टनांनी वाढला की फीडवॉटरचा सेटपॉइंटही लगेच 4 टनांनी वाढतो. पाणी तेवढं खरंच जातंय का, हे फीडवॉटर फ्लोचा लूप पाहतो. लेव्हल कंट्रोलर फक्त ब्लोडाउनमधून बाहेर सोडलेलं पाणी आणि मीटरची चूक भरून काढतो, म्हणून तो संथच ठेव. मी सुरुवातीला त्याचा गेन वाढवला होता. फुगवट्याच्या वेळी त्याने स्टीम फ्लोचा सगळा हिशेब खोडून काढला, लेव्हल अर्धा तास हेलकावत राहिली.

लोड कमी असताना मात्र सिंगल-एलिमेंटवरच, म्हणजे नुसत्या लेव्हलवर चालव. फ्लो मोजणाऱ्या ऑरिफिसवर 25 टक्के फ्लोला डीपी, म्हणजे दोन बाजूंच्या दाबातला फरक, जेमतेम 6.25 टक्के मिळतो. त्या रीडिंगवर माझा भरवसा नाही.