अंदाजे तारीख टाकू नका

प्रश्न : माझा मुलगा टी.वाय.बी.कॉम.ला आहे. सहाव्या सेमिस्टरची परीक्षा झाली, निकाल ऑगस्टमध्ये येईल. आयबीपीएस पीओचा अर्ज २१ जुलैला बंद होतोय. क्लासवाले म्हणतात, पदवीची अंदाजे तारीख टाकून फॉर्म भरा, कागद मुलाखतीलाच बघतात. मुलगा तयार नाही. घाबरट आहे, वर्ष वाया घालवणार. त्याला समजवा. (चौथ्या सेमिस्टरची एक एटीकेटी आहे, ती हिवाळी परीक्षेत निघेल.)

उत्तर : मुलाला समजवायची गरज दिसत नाही, तुमच्याशीच बोलतो. फॉर्मवर नाव, फोटो, सही त्याची असते आणि 'वरील माहिती खरी आहे' हे प्रतिज्ञापनही त्याचंच. चूक उघड झाली तर उमेदवारी त्याची रद्द होते, नेमणूक झालेली असली तर नोकरीही त्याचीच जाते. क्लासवाल्यांची फी मात्र तोवर जमा झालेली असते. इतकं ओळखून जो मुलगा 'नाही' म्हणतो, त्याला घाबरट म्हणणं मला पटलं नाही. घरात हा शब्द वापरला असेल तर परत घ्या.

'परीक्षा तर दिली आहे, निकाल नंतर लागला तर काय बिघडलं' हा समज फार घरांत आहे. जम्मू-काश्मीरमधल्या ज्युनिअर इंजिनिअरांच्या भरतीत नेमकं हेच झालं होतं. अर्जाची मुदत जुलै १९८२ मध्ये संपली. काही उमेदवारांची परीक्षा आधीच झालेली होती, पण निकाल ऑगस्टमध्ये, मुलाखतींच्या तोंडावर लागला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९७ मध्ये न्यायालयाने सांगितलं की पात्रता अर्जाच्या अखेरच्या तारखेलाच मोजायची, या उमेदवारांना मुलाखतीला बोलवायलाच नको होतं. म्हणजे पेपर कधी दिला याला किंमत नाही, निकाल कधी जाहीर झाला याला आहे. जाहिरातीतच वेगळी सवलत लिहिलेली असेल तर गोष्ट निराळी.

आयबीपीएस पीओच्या जाहिरातीत ती सवलत नसते. अर्ज भरताना उमेदवार पदवीधर असावा लागतो आणि मुलाखतीला त्या तारखेचा पुरावा मागतात. 'कागद मुलाखतीलाच बघतात' हे खरं आहे, पण त्या कागदावर बघतात ती तारीख. गुणपत्रिकेवर किंवा प्रोव्हिजनल सर्टिफिकेटवर छापलेली तारीख २१ जुलैच्या पुढची असली, की गुण कितीही असोत, उमेदवार बाद.

स्टेट बँकेच्या पीओ परीक्षेला शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी तात्पुरते चालतात, मात्र जाहिरातीतल्या ठरावीक तारखेपर्यंत उत्तीर्ण झाल्याचा पुरावा लागतो. एमपीएससी राज्यसेवेची पूर्व परीक्षा शेवटच्या वर्षात देता येते, मुख्य परीक्षेच्या अर्जाची मुदत संपेपर्यंत पदवी हातात हवी. यूपीएससी नागरी सेवेचंही तसंच, पुरावा मुख्य परीक्षेच्या अर्जासोबत. एसएससी सीजीएलमध्ये जाहिरातीतली कट-ऑफ तारीख पाहायची.

आता तुम्ही कंसात लिहिलेल्या गोष्टीकडे येतो, कारण पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच आहे. एटीकेटी बाकी असेल तर ऑगस्टमध्ये सहाव्या सेमिस्टरचा निकाल लागूनही तो पदवीधर होत नाही. त्या सेमिस्टरच्या सगळ्या विषयांत तो पास झाला आणि घरात पेढे वाटले गेले, तरी पदवी पूर्ण होते ती शेवटचा राहिलेला विषय सुटल्याचा निकाल लागेल त्या दिवशी. हिवाळी परीक्षेचा निकाल डिसेंबरात किंवा जानेवारीत लागला, तर यंदाची आयबीपीएस सोडाच, जिथे सप्टेंबरअखेरपर्यंत पुरावा मागतात तीही भरती त्याच्या हातची गेली. तुमचा सगळा आग्रह २१ जुलैवर आहे, आणि मुलगा अडलाय तो चौथ्या सेमिस्टरच्या त्या एका विषयावर.

म्हणून क्लास काही महिने बाजूला ठेवा आणि त्याला तो विषय करू द्या. हिवाळी परीक्षेचा फॉर्म कधी निघतो हे कॉलेजच्या ऑफिसात आत्ताच विचारायला सांगा, ती तारीख चुकली तर आणखी एक सत्र जाईल. दरम्यान राज्यसेवा पूर्व परीक्षेची जाहिरात आली तर ती त्याने जरूर भरावी, 'शेवटच्या वर्षाला' हे खरं लिहून.

निकालानंतर विद्यापीठाचं प्रोव्हिजनल किंवा पासिंग सर्टिफिकेट लगेच मागून घ्या, पदवीदान समारंभाची वाट पाहू नका. कॉलेजचं बोनाफाईड हा उत्तीर्ण झाल्याचा पुरावा नाही, तो फक्त शिकत असल्याचा दाखला. आणि निकाल संकेतस्थळावर आधी आला, छापील गुणपत्रिका उशिरा मिळाली, तर निकाल कोणत्या दिवशी संकेतस्थळावर लागला याचं सही-शिक्क्याचं पत्र विद्यापीठाकडून घेऊन ठेवा. बँकांच्या भरतीत तोच दिवस उत्तीर्ण झाल्याचा धरतात, पण ते पत्र जवळ असेल तरच.