क्लबहाऊसचं बुकिंग दर वेळी त्याच चार घरांना मिळतं, नियम कसे करावेत?

प्रश्न: बेळगावात आमचं 64 फ्लॅटचं अपार्टमेंट आहे. क्लबहाऊस एकच. रविवारी संध्याकाळी विचारायला गेलं की ते आधीच कुणीतरी घेतलेलं असतं, आणि ते कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा तीच चार घरं. डिपॉझिट, वेळ आणि घरामागे मर्यादा असे नियम करायचे आहेत. कसे ठरवावेत की भांडणं होणार नाहीत?

उत्तर:

भांडण होणारच, फक्त ते नियम करताना एकदाच होऊन जावं. आमच्याकडे टिळकवाडीत तसंच झालं. मी त्या कमिटीत खजिनदार होतो, त्यामुळे पैशाची बाजू जरा जास्त सांगेन.

आधी कागदपेन्सिल घ्या. वर्षात 52 रविवार आणि वरच्या सुट्ट्या साधारण 12, म्हणजे 64 दिवस. त्यातले गणपती, झेंडावंदन, सर्वसाधारण सभा, सोसायटीचे इतर कार्यक्रम यांना 10 गेले की उरले 54. म्हणजे सुट्टीच्या 54 संध्याकाळी आणि तुमचे फ्लॅट 64. प्रत्येक घराला वर्षाला एकसुद्धा येत नाही. हा आकडा सभेत फळ्यावर लिहिलात की मर्यादा कशाला हवी हे वेगळं समजवावं लागत नाही.

म्हणून सरसकट ‘वर्षाला इतकी बुकिंगं’ असं लिहू नका. मंगळवारी दुपारी हॉल रिकामाच असतो, तिथे कुणाला अडवून काय मिळणार? मर्यादा फक्त सुट्टीच्या दिवसांना ठेवा: फ्लॅटमागे वर्षाला दोन वेळा, त्यातली संध्याकाळ एकच. 15 दिवस आधीपर्यंत कुणी मागितलं नसेल तर ती तारीख कुणालाही खुली, ती मर्यादेत धरायची नाही. मोजायचा तो फ्लॅट, माणूस नव्हे. नवऱ्याच्या नावाने एक, बायकोच्या नावाने एक, सासऱ्यांच्या नावाने एक, असं चालत नाही. भाडेकरू असेल तर मालकाचं पत्र घ्या आणि त्याच फ्लॅटच्या खात्यात मांडा.

‘जो आधी येईल त्याला’ ही पद्धत दिसायला सरळ, पण तुमची चार घरं जिंकतात ती याच पद्धतीमुळे. त्यांचे मुलांचे वाढदिवस वर्षभर आधी ठाऊक असतात. बारशाचं तसं नसतं. मूल झालं की हातात बाराच दिवस. तेरावं तर कुणी ठरवून ठेवत नाही. त्यामुळे एका महिन्याच्या तारखांसाठी तीन महिने आधी, 1 ते 5 तारखेपर्यंत अर्ज घ्यायचे आणि सहा तारखेला एकदम निकाल लावायचा. एकाच वेळेला दोन अर्ज आले तर त्या वर्षी ज्याने कमी वापर केलाय तो पुढे, दोघे सारखे असतील तर चिठ्ठी. शिवाय दर महिन्यातला एक रविवार यातून बाजूला काढायचा. तो फक्त बारसं, दिवसकार्य, अचानक ठरलेली सुपारी अशा गोष्टींसाठी. पाच दिवस आधीपर्यंत कुणी मागितला नाही तरच इतरांना सोडायचा. दिवसकार्याला मर्यादा लावू नका, भाडंही घेऊ नका. एवढं तरी सोसायटीने सोसावं.

संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाची गर्दी होते. तीन-चार घरांनी मिळून केलं आणि बोलावणं सगळ्या बायकांना असेल तर ते कुणाच्याच मर्यादेत धरत नाही. याने तारखाही वाचतात.

आता वेळ. सकाळ 9 ते 3, संध्याकाळ 5 ते 10. मधले दोन तास झाडलोटीचे. वेळ सुरू होते डेकोरेटरचा टेम्पो गेटात आला की, आणि संपते केटररचं शेवटचं पातेलं बाहेर पडलं की. हे तस्सं लिहा, नाहीतर ‘कार्यक्रम दहालाच संपला की हो’ म्हणत साडेअकरापर्यंत भांडी वाजत राहतात. रात्री 10 नंतर लाऊडस्पीकर नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण एखादा पुतण्या वकील निघतो आणि बंद हॉलला सूट आहे म्हणतो. सूट आहे, 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांतच आहे. पण खासगी जागेच्या हद्दीवर तिथल्या मर्यादेपेक्षा 5 डेसिबलहून जास्त आवाज चालत नाही. राहत्या भागाची रात्रीची मर्यादा 45, म्हणजे हद्दीवर 50. साध्या बोलण्याचाच आवाज 60 च्या आसपास जातो. खिडक्या उघड्या ठेवून साऊंड सिस्टीम लावल्यावर काय होईल ते बघा.

डिपॉझिट इतकं जास्त नको की साधं घर बिचकेल, आणि इतकं कमी नको की सोडून देणं परवडेल. आम्ही भाडं 1,500 आणि डिपॉझिट 5,000 ठेवलं. खरी गोम कपातीच्या तक्त्यात आहे. दर आधीच लिहिलेला हवा, सेक्रेटरीच्या मर्जीवर नको. एका वाढदिवसाला 60 खुर्च्या मोजून दिल्या, परत आल्या त्यातल्या दोन मोडलेल्या: दर 450 प्रमाणे 900. हॉल सोडायला 40 मिनिटं उशीर: अर्ध्या तासाला 500, अर्धवट अर्धा तासही पूर्ण धरायचा, म्हणून 1,000. परत गेले 3,100, सात दिवसांच्या आत, हिशोबाच्या चिठ्ठीसकट. कुरकुर झाली, पण वाद नाही, कारण आधीचे आणि नंतरचे फोटो वॉचमनच्या मोबाईलमध्ये होते आणि खुर्च्यांच्या रजिस्टरवर यजमानांचीच सही होती.

भिंत आणि फरशी मात्र तक्त्यात बसत नाहीत, तिथे बंदीच हवी. फुग्यांच्या कमानीची डबल टेप काढली की डिस्टेंपरचे पापुद्रे तिच्यासोबत येतात. वर कायमचे हूक ठोकून द्या, दोरीने बांधा म्हणावं. पुऱ्यांची कढई बाहेर. शहाबादी फरशीत एकदा तेल मुरलं की घासून निघत नाही.

रद्द करण्याचा नियम विसरू नका, तारखा अडवून ठेवणारे तिथेच सापडतात. 15 दिवस आधी रद्द केलं तर सगळे पैसे परत. त्यानंतर केलं तर भाडं गेलं आणि मर्यादेतली ती वेळही खर्ची पडली, मात्र दुसऱ्या कुणी ती घेतली तर दोन्ही माफ. दुसऱ्याच्या नावावर बुकिंग ओळखायचं तर डिपॉझिट कुणाच्या खात्यातून आलंय आणि दारावरच्या बॅनरवर नाव कुणाचं आहे ते बघा. पकडलं तर दोन्ही फ्लॅटच्या खात्यात मांडा. आमच्याकडे एकदाच मांडावं लागलं.

कागदाचं एक. इथे बरेच जण महाराष्ट्रातले आदर्श उपविधी डाऊनलोड करून आणतात, मराठीत मिळतात म्हणून. ते आपल्याला लागू नाहीत. तुमची नोंदणी कर्नाटकच्या 1972 च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली आहे, 1960 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आहे की सहकारी संस्था म्हणून, ते आधी बघा. मग तुमच्याच बायलॉजप्रमाणे सभेची नोटीस काढून ठराव करा. नियमांचा कागद कन्नड आणि मराठी दोन्हीत लावा. एप्रिलपासून सुरू करा, आणि आधी झालेली बुकिंगं त्या वर्षाच्या मर्यादेत धरायची की नाही हे ठरावातच लिहा, कारण पहिला वाद त्यावरच होईल.