चार मितींचा गोल आधी कापून बघा

n मितींच्या गोलाच्या घनफळाचं सामान्य सूत्र पाठ करण्याआधी 1 त्रिज्येचा चार मितींचा गोल स्वतः कापून बघा. एका अक्षावर केंद्रापासून x अंतरावर काप घेतला, की तीन मितींचा गोल मिळतो आणि त्याची त्रिज्या √(1−x²) असते. नवख्यांची चूक बहुधा इथेच होते: त्रिज्या 1−x धरतात, किंवा तिचा घन करायला विसरतात.

कापाचं घनफळ (4π/3)(1−x²)^(3/2). त्याचं −1 ते 1 संकलन करा. x = sin θ ठेवल्यावर आत cos⁴θ उरतो आणि त्याचं संकलन 3π/8 येतं. म्हणून चार मितींच्या गोलाचं घनफळ V₄ = π²/2.

आता पडताळा, हा मला फार आवडतो: एकदम दोन अक्ष धरून कापलं तर Vₙ = (2π/n)·Vₙ₋₂ मिळतं, आणि V₂ = π वरून तेच उत्तर येतं. जुळलं नाही, तर आधी घातांक तपासा. सामान्य सूत्रातलं गॅमा फलन सध्या राहू द्या.